'एक तृतीयांश'च्या नियमाने कच्चे कैदी खरंच सुटतात का?

प्रश्न: खटला संपायच्या आधीच लोक वर्षानुवर्षं तुरुंगात का राहतात? नवीन कायद्यातल्या 'एक तृतीयांश' नियमाने खरंच कोणी सुटतं का?

सुटतात, पण त्यांचा अर्ज कोणीतरी कोर्टापुढे ठेवला तर. मी विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर वकील आहे आणि कारागृहात नेमाने जातो.

एक मुलगा सांगतो. मोबाइल चोरीचा आरोप, आधी कधी शिक्षा नाही. दुसऱ्याच महिन्यात त्याला जामीन मंजूर झाला होता, 25,000 रुपयांचा, एका जामीनदारासह. जामीनदार कुठून आणणार? आई दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करते, नावावर सातबारा नाही, ऐपतीचा दाखला नाही. मी भेटलो तेव्हा त्याला आत 14 महिने झाले होते. कधी कोर्टात न्यायला गार्ड नाही, कधी साक्षीदार गैरहजर, म्हणून नुसत्या तारखा पडत होत्या.

आता हिशेब बघा. साध्या चोरीला जास्तीत जास्त 3 वर्षं शिक्षा. नवीन कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे आधी कधीच शिक्षा न झालेल्याने त्याचा एक तृतीयांश, म्हणजे 1 वर्ष काढलं की त्याला बंधपत्रावर सोडायचं. इथे बंधपत्र म्हणजे त्याची स्वतःची हमी, जामीनदार लागत नाही. अर्ज करायची जबाबदारी कारागृह अधीक्षकांची. पण याच्या नावापुढे 'जामीन मंजूर' असं लिहिलेलं, म्हणून तो यादीतच आला नव्हता! सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगून ठेवलंय की जामीन मिळून महिनाभरात हमी भरता आली नाही, तर कोर्टाने स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करावा. तेही कोणी केलं नव्हतं. मी दोन पानी अर्ज दिला, पाचव्या दिवशी तो बाहेर आला. ते दोन पानी काम वर्षभर कोणाचंच नव्हतं, याचा मला आजही संताप येतो.

नियमाची खरी दुखरी बाजू वेगळीच आहे. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळलेत, ते समजू शकतो. पण याच कलमाचं दुसरं पोटकलम म्हणतं की एकाहून जास्त गुन्ह्यांचा तपास किंवा खटले चालू असतील तर ही सवलत नाही. पोलिसांनी एकाच पोरावर तीन मोबाइलच्या तीन केसेस टाकल्या की दार बंद, भले एकही सिद्ध झालेली नसो. माझ्या मते सगळ्यात आधी हे पोटकलम बदलायला हवं.

न्यायाधीश वाढवायलाच हवेत. विधी आयोगाने 1987 मध्येच दहा लाख लोकांमागे 50 न्यायाधीश सुचवले होते, आज त्याच्या निम्मेही नाहीत. त्याला वेळ लागेल. तुमचं कोणी आत असेल तर तोवर थांबू नका. अटकेची तारीख आणि कलमं घेऊन जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जा. कोठडीतल्या माणसाला वकील मोफत मिळतो.