पत्नीच्या केमोसाठी टप्प्याटप्प्याने रजा: अर्ज कसा लिहावा?

प्रश्न: नागपुरात खासगी कंपनीत आहे. बायकोची केमो मुंबईला टाटात सुरू होतेय. सलग रजा नको, दर वेळी थोडी थोडी हवी. अर्जात काय लिहू?

उत्तर: सगळ्या फेऱ्यांसाठी एकच अर्ज द्या, पण तारखा अंदाजे म्हणूनच लिहा. प्रत्येक डोसआधी रक्त तपासतात. पांढऱ्या पेशी फार कमी आल्या तर डोस पुढे जातो, कधी आठवडाभरही. तारखा पक्क्या लिहिल्या असतील तर मंजूर रजा वाया जाते आणि नव्याने परवानगी मागत बसावं लागतं.

समजा, दर 21 दिवसांनी एक अशा सहा सायकल सांगितल्यात. मग मजकूर असा:

"प्रत्येक सायकलसाठी मला चार दिवस रजा हवी आहे: प्रवास, रक्ततपासणी, डोस व परतीचा प्रवास. अंदाजे तारखा सोबत जोडल्या आहेत. रिपोर्टनुसार तारीख बदलल्यास त्याच दिवशी कळवेन. आधी शिल्लक रजा वापरावी, ती संपल्यास विनावेतन रजा मंजूर करावी, ही विनंती."

आणखी एक वाक्य घालाच: "डोसनंतर ताप आल्यास तातडीने गैरहजर राहावे लागेल." डोसनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पेशी सगळ्यात खाली असतात. तेव्हा 38 अंश सेल्सियसच्या वर ताप गेला तर वाट न पाहता दवाखान्यात न्यावं लागतं, आणि त्या वेळी तुम्ही नागपुरातच असाल. इथला जवळचा दवाखाना कोणता, हे टाटातल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

सोबत डॉक्टरांच्या सहीचं उपचार वेळापत्रक जोडा. पूर्ण फाईल एचआरला देऊ नका भाऊ, तेवढी माहिती त्यांना लागत नाही.