बोअर 120 फुटांवर नेऊ का? किनाऱ्यावरच्या विहिरीचं पाणी मचूळ झालंय

प्रश्न: आम्ही वाळव्याचे. गुहागरजवळ किनाऱ्यापासून साधारण 600 फुटांवर सासरची 100 नारळांची बाग आहे. 16 फूट विहीर, जुना रहाट काढून 3 एचपीची मोटर बसवली. रोज 3 तास चालवतो. एप्रिलपासून पाणी मचूळ लागतंय. बोअरवाला म्हणतो, 120 फुटांवर गोडं पाणी लागेल. मारू का?

उत्तर:

नका मारू. तासगाव-जतकडे पाणी आटलं की आपण खाली जातो, ती सवय इथे उलटी पडते. वाळूच्या पट्ट्यात गोडं पाणी वर तरंगत असतं आणि त्याच्या खाली समुद्राचं खारं पाणी असतं.

समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं. त्यामुळे विहिरीतली पातळी समुद्राच्या सरासरी पातळीपेक्षा 1 फूट वर असेल, तर समुद्रपातळीखाली जवळपास 40 फूट गोडं पाणी तोलून धरलेलं असतं. समजा उन्हाळ्यात तुमची पातळी दीड फूट वर आहे. म्हणजे खाली 60 फुटांपर्यंत गोडं. 120 फुटांचं बोअर सरळ खाऱ्यातच उघडेल. बागेखाली वाळूऐवजी जांभा किंवा कातळ असला तर हा हिशेब इतका सरळ राहत नाही. तिथे खारं पाणी भेगांमधून येतं आणि शेजारच्या दोन विहिरींतही फरक पडतो.

आता हाच हिशेब उपशाला लावा. मोटरने पातळी कायमची 1 फूट खाली बसली, तर वर राहिला अर्धाच फूट आणि गोड्याची जाडी 60 वरून 20 फुटांवर आली. हे एका तासात होत नाही. खारं पाणी वाळूतून सावकाश सरकतं, म्हणून मोटर बसवल्यावर पहिला उन्हाळा बहुतेक वेळा निभतो आणि माणूस निर्धास्त होतो. पण रोज उपसा चालू राहिला की विहिरीच्या बरोबर खाली खाऱ्या पाण्याचा उंचवटा वर चढतो, आणि समुद्राकडची खारी हद्दही हळूहळू जमिनीकडे सरकते. पहिल्या दुखण्यात मोटर थांबवली की उंचवटा उतरतो. दुसऱ्याला मात्र एकेक पावसाळा मोजावा लागतो.

आपल्याकडच्या क्षारपड जमिनीशी याची गल्लत करू नका. वाळवा-मिरजेत उसाला पाणी जास्त होऊन भूजल वर येतं आणि मातीतले क्षार वर आणतं, म्हणून तिथे सच्छिद्र पाइप टाकून पाणी खाली उतरवावं लागतं. किनाऱ्यावर पाणी खाली उतरवणं हाच रोग आहे.

खात्री अशी करा. साधा टीडीएस पेन घ्या. पहाटे मोटर लावण्याआधी एक नमुना आणि मोटर बंद करताना दुसरा मोजा. दोन्ही जवळपास सारखे आणि जास्त असतील, तर हद्दच आत आली आहे. पहाटेचा कमी आणि शेवटचा बराच जास्त असेल, तर उंचवटा चढतो आहे. विहिरीच्या तळाचं पाणीही तपासा: बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा, तळाला गेल्यावर बूच ओढा. वरचं गोडं आणि तळाचं खारट निघालं तर ती चांगली बातमी समजा: वरवरचं गोडं पाणी अजून उपसता येईल. क्लोराइड प्रयोगशाळेतूनच करून घ्या. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला सुमारे 19,000 मिलिग्रॅम असतं, म्हणजे 2 टक्के मिसळलं तरी 380 वाढतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात 250 हीच इष्ट मर्यादा आहे.

उपाय उपशातच आहे. ठिबकवर 100 माडांना दिवसाला 50 लिटरप्रमाणे 5,000 लिटर लागतं. 3 एचपीची मोटर तासाला 15,000 लिटर धरली, तरी तुम्ही 45,000 उपसताय. अर्धा एचपीची मोटर बसवा आणि 20 मिनिटं चालवून तासभर थांबा, असं दिवसभर टायमरवर टाकीत पाणी भरा. फूटव्हॉल्व्ह तळाला ठेवू नका. तरंगत्या डब्याला बांधून पाण्याच्या दीड फूट खाली लटकवा. मोटर चालू असताना पातळी 3-4 इंचांपेक्षा जास्त उतरली, तर चालवायचा वेळ आणखी कमी करा. रहाट हेच करत होता: वरवरचं आणि हळूहळू. पाणी कमीच पडत असेल, तर तीच विहीर खोल न करता बागेच्या डोंगराकडच्या टोकाला तितकीच उथळ दुसरी काढा आणि उपसा दोघींत वाटा.

बोअर आधीच मारलं असेल, तर नुसतं झाकण लावून ठेवू नका. त्यातून खालचं खारं पाणी वर चढायला वाट मिळते. खालून वरपर्यंत सिमेंटचा पातळ गारा भरून ते बंद करा.

आणि जवळ खाडी असेल तर अंतर समुद्रापासून मोजू नका, खाडीपासून मोजा. भरतीचं खारं पाणी खाडीतून कित्येक किलोमीटर आत येतं. बागेच्या मागच्या बाजूला खाडी असेल, तर वर सांगितलेली दुसरी विहीर तिकडे नेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.