फारसी मथळ्यात आधी बोलणारा शोध

समज, हा फारसी मथळा तुला इंग्रजीत आणायचा आहे: ‘येक मनबए आगाह: मोझाकेरात बे तअवीग ओफ्ताद’, म्हणजे ‘एक जाणकार सूत्र: बोलणी लांबणीवर पडली’. अपूर्णविरामाआधी बोलणारा, पुढे त्याचं म्हणणं. ‘म्हणाला’ गाळलेलंच असतं. इंग्रजीत ते परत आण, नाहीतर दावा वस्तुस्थिती ठरतो. ‘तअवीग ओफ्ताद’ म्हणजे लांबणीवर पडली. कोणी लांबवली, हे क्रियापद सांगत नाही. म्हणून ‘इराण पोस्टपोन्स टॉक्स’ हे चूकच. ‘टॉक्स पोस्टपोन्ड, सोर्स सेज’ एवढंच लिही. मग बातमीचा पहिला परिच्छेद वाच. हा जाणकार सूत्र तस्नीम या इराणी वृत्तसंस्थेशी बोलला असेल, तर ‘सोर्स टेल्स तस्नीम’ लिही, कारण वृत्तसंस्था कोणती यावर वाचक भरवसा ठरवतो. ‘ताकीद कर्द’, म्हणजे ‘भर देऊन सांगितलं’, असं दिसलं की मात्र बहुतेकदा साधं ‘सेज’ पुरतं.