डावा हात आणि दादरा

प्रश्न: शोपँच्या नॉक्टर्नमध्ये रुबाटो नेमका किती घ्यायचा? मेट्रोनोम लावून सराव केला तर भाव जातो का? आणि फर्माटा, रिटार्डांडो मोजायचे कसे?

रुबाटो म्हणजे एका स्वरासाठी थोडा वेळ चोरायचा आणि पुढच्या स्वरांत तो परत करायचा. मनाला येईल तसं हळू-जलद वाजवणं म्हणजे रुबाटो, असं तुम्हाला कुणी शिकवत असेल तर ऐकू नका. मला तेच शिकवलं होतं आणि ती खोड मोडायला मला काही वर्षं लागली.

बारावीत असताना सरांच्या घरच्या छोट्या मैफलीत मी शोपँचा ई फ्लॅट मेजरमधला नॉक्टर्न, ओपस ९ नंबर २, वाजवला. माझे काका समोरच बसले होते. ते तबला वाजवायचे, पाश्चात्त्य संगीत कधी ऐकलेलं नव्हतं. या नॉक्टर्नमध्ये एका बारमध्ये बारा मात्रा, तीन-तीनचे चार गट. डावा हात प्रत्येक गटात खाली एक बास आणि वर दोन कॉर्ड वाजवतो. काकांना त्यात दादऱ्याची दोन आवर्तनं ऐकू आली आणि ते मांडीवर बोटांनी ठेका धरून बसले. दुसऱ्याच बारमध्ये त्यांचं बोट थांबलं. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. नंतर घरी त्यांनी एवढंच विचारलं, "अगं, गाणारा थांबला तर समजू शकतो, पण तबलजी कशाला थांबला?"

दुसऱ्या दिवशी सरांना हे सांगितलं तर ते चिडले. म्हणाले, "तबल्याचा हिशेब इथे लावू नकोस, ही भावनेची गोष्ट आहे." मी गप्प बसले. आज गप्प बसणार नाही, कारण काकांचंच बरोबर होतं, आणि शोपँही त्यांच्याच बाजूचा होता. डावा हात हा वाद्यवृंदाचा संचालक, त्यानं लय सोडायची नाही, असं तो शिष्यांना सांगायचा. त्याच्याही आधी, 1777 मध्ये, मोत्सार्टनं वडिलांना पत्रात लिहिलं होतं की अडाज्योमध्ये, म्हणजे संथ गतीच्या रचनेत, रुबाटो घेताना आपल्या डाव्या हाताला त्याचा पत्ताही नसतो, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. त्यांचा डावा हात उजव्याच्या मागे जातो.

माझं नेमकं तेच होत होतं. पहिल्या बारमध्ये उजव्या हातात वरचा लांब जी येतो. मी त्यावर रेंगाळायची आणि डाव्या हाताचे कॉर्डही माझ्यासाठी थांबायचे. म्हणजे वेळ चोरला, पण परत कधी केलाच नाही. हवं असं: बास आपल्या वेळेवर पडतो, जी त्याच्या किंचित मागून येतो, आणि पुढचे स्वर थोडे घाईनं घेत उजवा हात दुसऱ्या बारच्या समेवर बासला गाठतो. चाल पुन्हा येते तेव्हा मधल्या बारीक स्वरांचंही तसंच. त्यांची समान वाटणी करू नका, आधी सावकाश सोडा, मग पुढे पळवा.

मेट्रोनोमनं भाव जात नाही, पण तो दोन्ही हातांना लावू नका. फक्त डावा हात मेट्रोनोमबरोबर वाजवून फोनवर रेकॉर्ड करा. छापील गती क्वेव्हरला, म्हणजे इथल्या एका मात्रेला, मिनिटाला 132 आहे, म्हणजे एक बार साधारण साडेपाच सेकंदांचा. मग त्या रेकॉर्डिंगवर नुसता उजवा हात वाजवा. पुढच्या बारच्या सुरुवातीलाही दोघं भेटत नसतील तर तुमचा रुबाटो जास्त झालाय. किती घ्यायचा, याचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

फर्माटा म्हणजे स्वर लांबवून धरण्याची खूण, तो आकड्यात मोजू नका. पियानोचा स्वर विरत जातो, तो कुठवर जिवंत आहे ते ऐका, आणि सोडताना पुढची मात्रा मनात जुन्याच लयीत घेऊन मग बोट उचला. रिटार्डांडोत, म्हणजे लय हळूहळू कमी करताना, लोक पहिल्याच मात्रेला करकचून ब्रेक लावतात आणि मग हळू होण्यासाठी काही उरतच नाही. पहिल्या मात्रा जवळजवळ तशाच ठेवा, ताण शेवटच्या दोन-तीन मात्रांत येऊ द्या.

एक मात्र सांगायला हवं. हा नियम सगळीकडे चालत नाही. मझुर्का या तीन मात्रांच्या पोलिश नृत्यरचनांमध्ये शोपँचा ठेकाच वाकडा असायचा. हॅले या पियानोवादकानं त्याला दाखवून दिलं होतं की तीन मात्रांच्या जागी चार ऐकू येतात. पुढच्या काळातल्या संगीतात तर दोन्ही हात मिळूनच लय ताणतात. आणि याच नॉक्टर्नच्या शेवटाजवळ, चार स्वरांचा तुकडा पुन्हापुन्हा येतो तिथे, शोपँनं स्वतः 'सेन्झा टेम्पो', म्हणजे लयीविना, असं लिहिलंय. तिथे डावा हात मोकळा असतो, ठेका खरोखरच नाही. तो तुकडा शेवटी हळूहळू उतरवत 'आ टेम्पो'पर्यंत, म्हणजे मूळ लय परत येते तिथवर, आणायचा असतो.

पुढे बऱ्याच वर्षांनी घरच्या पियानोवर काकांना हाच नॉक्टर्न ऐकवला. त्यांनी मांडीवरचा दादरा सोडला नाही. त्या तुकड्यावर मात्र त्यांचा हात वरच थांबला, आणि शेवटचे कॉर्ड सुरू झाले तेव्हा माझ्या बासबरोबरच खाली आला.