काळ्या मांजरीचा पिवळा बोका

प्रश्न: भाऊ, आमची मांजर काळीभोर आहे. परवा व्याली. चार पिल्लं: एक काळा बोका, एक पिवळा बोका आणि दोन कबऱ्या माद्या. सासरे म्हणतात गल्लीतला पिवळा बोकाच बाप, म्हणून पिवळं पिल्लू त्याच्यावर गेलंय. खरं का? कबऱ्या नेहमी मादीच का असतात? आणि धुळ्याचा एक जण कबरा बोका विकतोय, पाच हजार म्हणतो. घ्यावा का?

उत्तर:

ताई, बाप कोण ते नंतर बघू. त्या पिवळ्या पिल्लाचा रंग बापाकडून आलेला नाही एवढं मात्र आत्ताच सांगतो. तो आईकडून आलाय. म्हणजे तुमची काळीभोर मांजर पूर्ण काळी नाही.

पिवळ्या रंगाचं जनुक मांजरात एक्स या गुणसूत्रावर असतं. मादीला दोन एक्स असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. बोक्याला एकच एक्स आणि जोडीला वाय. तो वाय बापाकडून येतो आणि त्याच्यावर पिवळ्याकाळ्याचा काही हिशेब नसतो. म्हणून बोका पिवळा होणार की काळा, हे आईने त्याला कुठला एक्स दिला एवढ्यावरच ठरतं. बाप कितीही पिवळाधमक असू दे, मुलाच्या या रंगात त्याचा वाटा शून्य. सासऱ्यांना हे पटायला जड जाईल, कारण माणसात 'बापावर गेला' हेच आपण ऐकत आलोय.

आई खरोखर पूर्ण काळी असती, म्हणजे तिचे दोन्ही एक्स काळे असते, तर तिचा प्रत्येक मुलगा काळा झाला असता. पिवळा मुलगा झाला याचा अर्थ तिच्या दोन एक्सपैकी एक पिवळा आहे. ती कबरीच आहे, फक्त पिवळा रंग नावापुरता उमटलाय. दुसरी एकच शक्यता, की पिल्लू तिचं नाहीच. एकाच आडोशाला दोन मांजरी व्यायल्या की एकमेकींची पिल्लं पाजतात, तेव्हा गफलत होते.

ही गफलत मी स्वतः उलट्या बाजूने केलीय. आमचं सरकी-ढेपेचं दुकान आहे. उंदरांमुळे गोडाऊनला मांजरी लागतातच. त्यातली एक काळी, नाव शाई. तिच्या पिल्लांत एक पिवळा बोका दिसला आणि मी हुशारी करून ठरवलं की हा मागच्या कबरीचा, हिच्यात चुकून आलाय. उचलून कबरीच्या पिल्लांत ठेवला. कबरी त्याच्यावर फिसकारली, शाई रात्रभर गोण्यांवरून ओरडत फिरली आणि सकाळी त्याला मानगुटीला धरून परत घेऊन गेली. दोन दिवसांनी ती शटरपाशी उन्हात पाय ताणून पडली होती, तेव्हा दिसलं. डाव्या मागच्या पायाच्या दोन बोटांमध्ये पिवळ्या केसांचा झुबका. मोजले तर वीसएक केस भरले असते. अख्ख्या अंगावर तेवढंच पिवळं, पण आईपण सिद्ध करायला तेवढं पुरेसं होतं.

तर तुम्हीही सकाळच्या उन्हात बघा. बोटांच्या मध्ये, हनुवटीखाली, पोटावर, मांडीच्या आतल्या बाजूला, शेपटीच्या टोकाला. एक सावधगिरी मात्र ठेवा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात काळ्या मांजरीची पाठ तांबूस पडते, ती फसवते. तसा केस फक्त टोकाला विटलेला असतो, फुंकर मारून बाजूला केला की मुळाशी काळाच निघतो. शिवाय तांबूसपणा पाठीवर सगळीकडे पसरलेला असतो. खरा पिवळा केस मुळापासून टोकापर्यंत पिवळट असतो, शेजारच्या काळ्या केसापासून स्पष्ट वेगळा, आणि असे केस पुंजक्याने येतात.

आता एकाच अंगावर दोन रंग का, आणि कुठे जास्त कुठे कमी का.

मादीला दोन एक्स असले तरी एका पेशीत काम एकाचंच चालतं. गर्भ अगदी लहान असताना प्रत्येक पेशी आपल्या दोनपैकी एक एक्स गुंडाळून बाजूला टाकते. कुठला टाकायचा याला नियम नाही, चिठ्ठी टाकल्यासारखं. पण एकदा टाकला की त्या पेशीपासून पुढे होणाऱ्या सगळ्या पेशी तोच बंद ठेवतात. ही गोष्ट मेरी लायन या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी १९६१ मध्ये उंदरांच्या रंगावरून मांडली. गुंडाळलेल्या एक्सची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली त्याआधीच, १९४९ मध्ये दिसली होती, आणि तीही मांजरीच्याच मज्जापेशीत.

त्वचेला रंग देणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या कण्याजवळून निघतात आणि वाढत वाढत अंगभर पसरतात. ज्या पेशीने काळा एक्स चालू ठेवला तिची लेकरं जिथे पोचली तिथे काळं, पिवळा चालू ठेवला तिथे पिवळं. आजीची गोधडी तशी, दोन लुगड्यांच्या तुकड्यांची, पण तुकडे कुठे पडतील ते कुणी ठरवलेलं नाही. चिठ्ठ्या जवळपास सगळ्या काळ्याच्या बाजूने निघाल्या की शाईसारखी मांजर होते.

अंगावर पांढरा असेल तर ठिगळं मोठी आणि सुटसुटीत दिसतात. पांढऱ्याचं जनुक वेगळं आहे, त्याने रंगपेशीच कमी पोचतात, मग पोचलेल्या एकेका पेशीच्या वाट्याला मोठा मुलूख येतो. पांढरं नसेल तर काळं-पिवळं केसाकेसात मिसळून कोळशाच्या राखेत विस्तव दिसावा तसं होतं.

हे ठिगळ जनुकातून जसंच्या तसं उतरत नाही, याचा एक सुंदर पुरावा आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये डिसेंबर २००१ मध्ये मांजराची पहिली क्लोन जन्मली, नाव सीसी. जिची पेशी घेतली ती रेनबो तिरंगी होती. सीसीच्या अंगावर पिवळा केस एकही नव्हता, पांढऱ्यावर करडेकाळे पट्टे. जनुकं तीच, पण जी एकच पेशी घेतली तिने पिवळा एक्स आधीच बंद केलेला होता आणि तो पुन्हा उघडलाच नाही.

पिवळ्याचं जनुक एक्सवर आहे हे शंभरेक वर्षं माहीत होतं, पण नेमकं कुठलं ते २०२५ मध्ये छापून आलं. जपानमधला क्युशू विद्यापीठाचा आणि अमेरिकेतला स्टॅनफर्डचा, असे दोन गट स्वतंत्रपणे एकाच जागी पोचले. एक्सवरच्या डीएनएचा साधारण ५,००० अक्षरांचा एक तुकडा पिवळ्या मांजरांत गळलेला असतो. तो गळाल्यामुळे शेजारचं, रंगपेशीत एरवी गप्प असणारं जनुक जागं होतं आणि 'काळा रंग बनव' हा निरोप वाटेतच अडवतं. मग पेशी पिवळा बनवत राहते. कुत्र्याच्या किंवा घोड्याच्या तांबड्या रंगाचं असं नसतं, त्यांचं जनुक एक्सवर नाही, म्हणून तिथे कबऱ्या माद्यांचा प्रकारच होत नाही.

यातून तुमचा दुसरा प्रश्न सुटतो. दोन्ही रंग दिसायला दोन एक्स लागतात, आणि बोक्याकडे एकच असतो. पिवळी मांजर म्हणजे बोकाच, असं लोक म्हणतात ते मात्र अर्धंच खरं. समजा एखाद्या गावात दर चार एक्समागे एक पिवळा आहे. मग चारात एक बोका पिवळा निघेल. मादीला पिवळं व्हायला दोन्ही एक्स पिवळे हवेत, म्हणून सोळात एकच. दुर्मिळ, पण असतेच. आणि कबऱ्या सोळात सहा.

कबरा बोका निघतो तो बहुतेक वेळा दोन एक्स आणि एक वाय अशी जादा गुणसूत्राची गडबड झाल्यावर, ३८ ऐवजी ३९. तीन हजार कबऱ्यांत एक असा ढोबळ आकडा सांगतात. असा बोका दिसायला, वागायला बोकाच, पण सहसा त्याला पिल्लं होत नाहीत. क्वचित दोन गर्भ सुरुवातीलाच एक होऊन बनलेला कबरा बोका असतो, तो पिल्लं देऊ शकतो, पण त्याचीही पोरं साध्या हिशेबानेच निघतात. तेव्हा 'याच्यापासून कबऱ्यांची पैदास करा' म्हणून कुणी पाच हजार मागत असेल तर सरळ नाही म्हणा.

त्याआधी तो बोका आहे का तेच बघा. शेपटी वर करून पाहा. बोक्याची दोन भोकं एकमेकांपासून लांब आणि दोन्ही गोल, विसर्गाची टिंबं असावीत तशी. मादीची जवळजवळ, आणि खालचं उभ्या चिरेसारखं. महिन्याभराच्या पिल्लात नवशिक्याचं चुकतंच, माझंही चुकलंय. विक्रेत्याचे 'कबरे बोके' मी तीन पाहिले. दोन माद्या होत्या आणि तिसरा साधा करडा पट्टेवाला, पोटाशी जरा तांबूस. पट्टेवाल्याच्या केसात काळा-तांबूस आडवा थर असतो, एकाच केसात दोन्ही. कबऱ्यात वेगळे केस, वेगळे पुंजके.

आता सासरे. आमचे आबाही असंच म्हणाले होते, "बाप तो पिवया बोकाच शे!" तुमच्या चार पिल्लांवरून खरंखोटं करता येतं का ते बघू. मुलगे बाजूला ठेवा, ते बापाबद्दल काही सांगत नाहीत. राहिल्या दोन कबऱ्या मुली. बाप पिवळा असेल तर त्याने दोघींना पिवळा एक्स दिला आणि आईने काळा. बाप काळा असेल तर त्याने काळा दिला आणि आईने पिवळा. दोन्हींतून मुली कबऱ्याच. एखादी पूर्ण पिवळी मुलगी असती तर तिचा बाप पिवळा हे पक्कं झालं असतं. एखादी खरोखर काळी मुलगी असती तर तिचा बाप पिवळा नाही हे पक्कं, निदान तिच्यापुरतं, कारण एकाच विणीत दोन बोक्यांची पिल्लं असू शकतात. तुमच्याकडे दोन्हीपैकी एकही नाही. त्यामुळे सासऱ्यांचं म्हणणं खोडता येत नाही, पण त्यांनी दिलेलं कारण चुकीचं आहे. हे त्यांना कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

आधी तो पाय उन्हात बघा आणि फोटो टाका. बोटांच्या मधला, जवळून.