चार पानांचा परिचय, दोन मिनिटांचा माईक

प्रश्न: आमच्या संघाच्या व्याख्यानमालेत एका फार मोठ्या वक्त्यांचा परिचय करून द्यायची जबाबदारी माझ्यावर आली आहे. त्यांच्याकडून आलेला परिचय चार पानांचा आहे, त्यातली दोन पानं नुसत्या पदव्या आणि पुरस्कार. सगळं वाचलं तर लोक कंटाळतील, गाळलं तर त्यांचा अपमान होईल. काय करू?

यादी माईकवर वाचू नका, तिच्यासाठी दुसरी जागा करा. माईकवर फक्त एवढंच सांगा की आजच्या विषयावर याच व्यक्तीचं का ऐकायचं. मी गेली अठरा-एकोणीस वर्षं ठाण्यात, बहुतेक नौपाड्यात आणि अधूनमधून वाशीला, व्याख्यानांचं सूत्रसंचालन करते. ही गोष्ट मला बऱ्याच उशिरा उमगली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वेळेचा हिशेब करून बघा. चार छापील पानं म्हणजे तेराशे-चौदाशे शब्द. मागच्या रांगेतल्या आजोबांनाही नीट ऐकू जाईल अशा बेताने वाचलं तर मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्द होतात. म्हणजे बारा मिनिटं. त्याआधी दीपप्रज्वलन, स्वागत आणि प्रास्ताविक झालेलं असतं, आणि सभागृह ठरल्या वेळी सोडावंच लागतं. तेव्हा ही बारा मिनिटं वक्त्यांच्याच वेळेतून कापली जातात. सुरुवातीच्या वर्षांत मी एका निवृत्त न्यायाधीशांचा परिचय पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता. नंतर भाषण करताना त्यांनी हातातल्या टिपणांची शेवटची तीन पानं न वाचता उलटली आणि कागद मिटून खिशात ठेवले. मी शेजारच्याच खुर्चीवर होते. ती तीन पानं ऐकायलाच लोक लांबून आले होते, हे अजून मनातून जात नाही.

आता एक उदाहरण घेऊ. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे ठाणे खाडीवरच्या व्याख्यानाला एक ज्येष्ठ वनस्पतिशास्त्रज्ञ बाई आल्या होत्या. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांचा परिचयही चार पानांचाच होता: पदव्या, दोन विद्यापीठांतली पदं, नऊ समित्यांचं सदस्यत्व, पुरस्कार, शोधनिबंधांची संख्या, परदेशातल्या परिषदा.

मी पेन्सिल घेऊन बसले आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारत गेले: ही ओळ ऐकून श्रोत्याला आजच्या विषयाबद्दल जास्त भरवसा वाटेल का? समित्या गेल्या. परदेशातल्या परिषदा गेल्या. शोधनिबंधांची संख्याही गेली. आकडा पन्नास असो की दीडशे, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर त्यातून काहीच उभं राहत नाही. शेवटी उरल्या तीन गोष्टी, आणि त्यातली सर्वात महत्त्वाची चार पानांत एका ओळीत दडलेली होती: 'दीर्घकालीन निरीक्षण चौकोन'.

ही ओळ मला नीट कळेना, म्हणून मी त्यांना फोन केला. हा फोन तुम्हीही करा, आठवडाभर आधी, आणि तीन गोष्टी विचारा. पहिली, नाव आणि आडनाव कसं उच्चारायचं, आणि नावाआधी काय लावलेलं आवडेल. दुसरी, परिचयातला कोणता एक उल्लेख राहून गेला तर तुम्हाला वाईट वाटेल? तिसरी, कोणता उल्लेख केला नाही तर बरं वाटेल? दुसऱ्या प्रश्नातच तुमच्या अपमानाच्या भीतीचं उत्तर आहे. आजवर एकाही मोठ्या माणसाने मला 'सगळंच वाचा' असं सांगितलेलं नाही. बाई थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "पुरस्कार राहू देत. माझ्या विद्यार्थ्यांचा उल्लेख करा, आणि ते चौकोन अजून चालू आहेत एवढं सांगा." मग ते चौकोन काय आहेत, हेही त्यांनीच मला समजावलं.

त्याच फोनवर एक चूकही टळली. कागदावर त्या एका मंडळाच्या अध्यक्षा होत्या. प्रत्यक्षात ते पद त्यांनी सोडून बरीच वर्षं झाली होती, परिचय मात्र कुणीतरी जुन्याच कागदावरून उतरवून पाठवला होता. लांब यादीत अशी एक तरी शिळी ओळ असतेच. व्यासपीठावर ती वाचली की वक्त्यांना बोलायला उभं राहिल्यावर आधी दुरुस्ती करावी लागते, आणि सभागृहात सगळेच अवघडतात.

शेवटी मी जे बोलले ते साधारण असं होतं:

"ओहोटीच्या वेळी खाडीकाठी उभं राहिलं की चिखलात पेन्सिली रोवल्यासारख्या काड्या वर आलेल्या दिसतात. ती तिवराची श्वसनमुळं. त्या चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून हे झाड मुळं वर काढून श्वास घेतं. आजच्या आपल्या वक्त्यांनी अनेक वर्षांपूर्वी याच खाडीच्या काठावर दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असे चौकोन आखले आणि त्यातलं एकेक झाड मोजून वहीत नोंदवलं. त्यातल्या काही चौकोनांत त्या अजूनही दरवर्षी जातात. कुठे गाळ साचला, कुठे तिवर वाढले आणि कुठे मेले, हे त्यांच्या वह्यांत सलग लिहिलेलं आहे. त्यांनी घडवलेले विद्यार्थी आज कोकणच्या किनाऱ्यावर हेच काम करत आहेत. त्यांच्या पदांची आणि सन्मानांची पूर्ण यादी तुमच्या हातातल्या पत्रिकेच्या मागच्या बाजूला दिली आहे. २०१५ मध्ये या खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये तो महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. आता पुढे काय, यावर आज आपल्याशी बोलणार आहेत…"

आणि मग नाव. नाव अगदी शेवटी ठेवा. ते घेतल्यावर एक शब्दही जोडू नका, कारण टाळ्या नावावर येतात आणि तेव्हाच वक्ते उठतात. नाव आधी घेऊन पुढे बोलत राहिलात तर ते अर्धवट उठून पुन्हा बसतात, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. वरचा मजकूर वाचायला सव्वा मिनिट लागतं. तुम्ही दोन मिनिटांपर्यंत जा, त्यापुढे नको. एक सावधगिरी मात्र बाळगा: विषयात शिरून त्यांचं व्याख्यान तुम्हीच सुरू करू नका. मी श्वसनमुळांपर्यंतच थांबले. तिवर का मेले, ते सांगायचं काम बाईंचं होतं.

आता यादीचं. पत्रिकेच्या मागच्या बाजूला ती पूर्ण छापा, एकही ओळ न गाळता, आणि छापण्याआधी त्यांच्याकडून तपासून घ्या. पत्रिका आधीच छापून झाल्या असतील तर एक सुटं पान काढून खुर्च्यांवर ठेवा, किंवा प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावा. लोक कार्यक्रमाआधी पंधरा मिनिटं येऊन बसतात आणि खरोखर वाचतात. माईकवरून 'यादी तुमच्या हातात आहे' हे एक वाक्य मात्र विसरू नका. त्या वाक्यामुळे यादी गाळली असं कुणाला वाटत नाही.

नावामागे काय लावायचं, इथेही मोठी गफलत होते. वक्त्यांना पद्म पुरस्कार मिळालेला असेल तर 'पद्मश्री अमुक तमुक' असं म्हणू नका, पत्रिकेवरही छापू नका. आपल्या राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने किताब बंद केले आहेत. पद्म पुरस्कार आणि भारतरत्न हे किताब नाहीत, म्हणूनच ते घटनेत बसतात, पण ते नावाच्या आधी किंवा नंतर जोडता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये बालाजी राघवन खटल्यात सांगितलं आहे. तसा वापर झाला तर पुरस्कार परत घेतला जाऊ शकतो. तेव्हा वाक्यात सांगा: 'अमुक कामासाठी भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवलं आहे.' ऐकायलाही हे चांगलं वाटतं, कारण पुरस्काराबरोबर कामाचं नाव येतं. मानद डॉक्टरेट असेल तर नावाआधी 'डॉ.' न लावण्याचा संकेत आहे. त्यांना स्वतःला काय आवडतं ते फोनवर विचारून घ्याच. बाकी प्राध्यापक, न्यायमूर्ती, कर्नल यातलं जे असेल ते एकदाच, पूर्ण नावाबरोबर. नंतर नुसतं 'सर' किंवा 'बाई' पुरे.

खरी अडचण बहुतेक वेळा वक्त्यांकडून येत नाही, ती आपल्याच कार्यकारिणीकडून येते. अध्यक्षांना वाटतं, एवढा मोठा माणूस आणला आहे, सगळं सांगितलं पाहिजे. आदल्या दिवशी वाद घालण्यापेक्षा तुमचा दोन मिनिटांचा मजकूर वक्त्यांना आधी पाठवा, त्यांचा होकार घ्या आणि तो निरोप अध्यक्षांना दाखवा. वक्त्यांनीच मान्य केलं म्हटल्यावर मला आजवर कुणी अडवलेलं नाही. वक्त्यांच्या कार्यालयातून 'जसंच्या तसं वाचावं' असं लिहून आलं असेल, तरी थेट वक्त्यांशीच बोला. ती सूचना पुष्कळदा त्यांना माहीतही नसते.

याला एक अपवाद आहे. कार्यक्रम व्याख्यानाचा नसून सत्काराचा असेल, अमृतमहोत्सव वगैरे, तर सन्मानांचा उल्लेख हाच त्या संध्याकाळचा विषय असतो. तिथेही सूत्रसंचालकाने यादी वाचू नये. मानपत्र लिहून घ्यावं आणि चांगल्या वाचणाऱ्याकडून वाचून घ्यावं. मानपत्रात सन्मान कामांच्या ओघात गुंफले जातात, त्यामुळे पाच मिनिटंही जड वाटत नाहीत.

प्रत्यक्ष दिवशी मजकूर एकाच कागदावर मोठ्या अक्षरांत घ्या आणि आदल्या रात्री घड्याळ लावून तीनदा मोठ्याने वाचा. एखादं वाक्य तिन्ही वेळा अडखळलं तर ते वाक्यच बदला. व्यासपीठावर उभं राहिल्यावर 'यांना परिचयाची गरजच नाही' अशी सुरुवात करू नका. सभागृहात पंधरा-वीस जण तरी त्यांना पहिल्यांदाच ऐकायला आलेले असतात, आणि तुमची ती दोन मिनिटं त्यांच्यासाठीच आहेत. त्या दिवशी बाई माईकजवळ आल्या आणि त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "त्या पेन्सिलींपासूनच सुरू करते."