सगळ्या खर्चाला एकच महागाई दर लावावा का?

प्रश्न: वय 35, लातूरला राहतो, मुलगी 5 वर्षांची. घरखर्च महिना 45 हजार, शाळा-औषधपाणी धरून. एक्सेलमध्ये सगळ्याला 6 टक्के लावले, साठीला महिना 1.93 लाख आले. मित्र म्हणतो शिक्षण आणि दवाखान्याला वेगळा दर लाव. खरंच फरक पडतो का?

उत्तर: साठीच्या आकड्यात फारसा पडत नाही. पण तिथंच फसायला होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते 45 हजार फोडा. तुमच्यासारख्या घरात शाळेची फी आणि व्हॅन मिळून साधारण 6 हजार, मेडिक्लेमचा हप्ता आणि औषधं 5 हजार, उरलेले 34 हजार किराणा, वीज, पेट्रोल वगैरे, असं धरू. तुमचे आकडे वेगळे असतील तर तेच घ्या. घराचं कर्ज असेल तर त्याचा हप्ता यात मिसळू नका, त्याला महागाई लागत नाही.

साठीला मुलगी तिशीची असेल. तेव्हा शाळेची व्हॅन कुठली? तुमच्या शीटमध्ये मात्र ती 25 वर्षं महाग होत चालली आहे. ते 6 हजार काढले की उरतं एवढंच:

```
=34000*(1+6%)^25
=5000*(1+10%)^25
```

पहिलं उत्तर 1.46 लाख, दुसरं 54 हजार. बेरीज 2 लाख, म्हणजे तुमच्या 1.93 च्या जवळच. शाळेचा फुकटचा खर्च आणि दवाखान्याचा कमी धरलेला दर यांनी एकमेकांना झाकून घेतलं. आता तीच शीट ऐंशीपर्यंत ओढा. तुमच्या पद्धतीनं महिना 6.2 लाख येतात. वेगळे दर लावून, आणि साठीनंतर दवाखान्याचा दर 8 वर आणूनही, 7.2 लाख होतात. त्यात दवाखाना अडीच लाखांचा, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. आज तो तुमच्या खर्चाच्या नवव्या हिश्शाइतका आहे. कमतरता पडते ती अशी, कमाई थांबून वीस वर्षं झाल्यावर.

आता 10 टक्के कुठून आणले? परभणीला बाबांच्या पॉलिसीच्या पावत्या मी एका जुन्या डायरीत खोचून ठेवतो. 2014 साली ते 61 वर्षांचे होते, हप्ता 18,400. 2024 साली तीच पॉलिसी, तेवढंच कव्हर, हप्ता 51,000. दरसाल पावणेअकरा टक्के झाले. मी हाच दर महागाई म्हणून सगळीकडे वापरायला लागलो होतो. मग कंपनीचा दरतक्ता काढून पाहिला तर 2024 मध्ये 61 वर्षांच्या नव्या माणसाला हप्ता होता 35,000. म्हणजे 18,400 चे 35,000 झाले ते महागाईमुळे, साडेसहा टक्क्यांच्या आसपास. पुढचे 16,000 बाबांच्या वयाचे.

म्हणून शीटमध्ये एकच काहीतरी करा. स्वतःचा आजचा हप्ता घेऊन पुढे न्यायचा असेल तर 10 टक्के ठीक, त्यात तुमचं वाढतं वयही येतं. आजच्या साठीच्या माणसाचा हप्ता घेऊन सुरुवात केली तर 7 पुरतात. साठीचा हप्ता घेऊन वर 10 लावलेत तर वय दोनदा मोजलं जातं आणि आकडा भलताच फुगतो. साठीनंतर मी 8 धरतो. जानेवारी 2025 पासून विमा नियामकानं 60 वर्षांवरच्यांचा हप्ता आधी आपल्याशी सल्लामसलत केल्याशिवाय वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायला मनाई केली आहे, त्यामुळे दहाच्या खाली राहणं मला तरी धाडसाचं वाटत नाही. मात्र हा नियम बदलू शकतो. आणि हैदराबादला पेशंट नेला तर सोबतच्यांची खोली-जेवण हप्त्यात येत नाही, ते वेगळं धरा.

शिक्षण महिन्याच्या ओळीत ठेवूच नका, त्याला तारीख असते. तुमच्या मुलीला कॉलेजला जायला अजून 13 वर्षं आहेत. समजा पुण्यात इंजिनिअरिंग, आजच्या भावानं चार वर्षांची फी 6 लाख आणि खोली-मेस 4.8 लाख. फी 9 टक्क्यांनी वाढवली तर 18.4 लाख होते. मेसचं ताट मात्र किराण्याच्याच भावानं चढतं, म्हणून त्याला 6 टक्के, 10.2 लाख. एकूण 28.6. पूर्ण रकमेला 10 टक्के लावणारे 37 लाख सांगतात आणि त्यासाठी एसआयपी करायला लावतात. लातूरचा फायदा असा की अकरावी-बारावीचे क्लासेस दारातच आहेत, नांदेड-बीडहून येणाऱ्या पोरांसारखं खोलीभाडं तुम्हाला लागणार नाही.

रोजच्या खर्चाचे 6 टक्के तसेच राहू द्या. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य 4 टक्क्यांचं, अधिक-उणे 2 आहे, पण ते सरासरी टोपलीचं. 2012 पायाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात आरोग्याला 5.89 टक्के आणि शिक्षणाला 4.46 टक्केच वजन होतं. तुमच्या घरात हे दोन मिळून 45 पैकी 11 हजार, म्हणजे 24 टक्के आहेत.